परड्याचा कागद : शुक्रवार पेठेतल्या एका घरविक्रीचं प्रकरण

मालमत्ता पत्रकावर १०४ चौरस मीटर आणि जाग्यावर टेप लावला तर १६०. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या या घराचा व्यवहार इथंच अडला. इसार दिला-घेतला होता, घेणाऱ्यांचं कर्ज मंजुरीच्या शेवटच्या टप्प्यावर होतं, आणि बँकेच्या वकिलांनी फाईल परत पाठवली. वरचे ५६ चौरस मीटर कुणाचे, ते आधी सांगा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. घरच्यांना हा प्रश्नच समजेना. "आमचंच की ते. माझ्या लहानपणापास्नं वापरतोय," असं थोरले तात्या पुन्हा पुन्हा सांगत होते. त्या टप्प्यावर विकणाऱ्यांच्या बाजूनं कागद बघायला हे प्रकरण माझ्याकडं आलं. मालमत्तेचे हक्क शोधणं हेच माझं रोजचं काम आहे. घरच्यांच्या परवानगीनं हे लिहिते आहे. नावं गाळली आहेत, रकमा बदलल्या आहेत, हिश्श्यांचं प्रमाण मात्र जसंच्या तसं आहे.

आधी घर बघू. पुढं सोपा, मग माजघर, वर माळा, कौलारू छप्पर. मागच्या दारानं बाहेर पडलं की परडं. परड्यात एक आड, जुन्या गोठ्याच्या चार भिंती आणि शेवग्याचं झाड. परडं म्हणजेच ते ५६ चौरस मीटर. पंचगंगा जवळ असल्यानं २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत घरात पाणी शिरलं होतं. विकायचं ठरण्यामागं तेही एक कारण होतं.

आता माणसं. घर पणजोबांनी बांधलेलं. ते १९५९ साली गेले, मागं एकच मुलगा, म्हणजे आबा. आबा १९८७ साली मृत्युपत्र न करता गेले. त्यांच्या मागं आजी, दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरला मुलगा म्हणजे तात्या, मधली आत्ती, धाकटा म्हणजे आपल्या नातवाचा बाप. तो १९९९ साली अकाली गेला. तेव्हा नातू बारा वर्षांचा होता. आजी २०११ साली गेली. आज हयात आहेत ते तात्या, आत्ती, नातू आणि नातवाची आई.

मालमत्ता पत्रकावर आबांच्या मागं आजी आणि दोन मुलगे अशी तीन नावं चढली होती. मुलीचं नाव लावलंच नव्हतं. धाकटा गेल्यावर त्याच्या जागी नातवाचं नाव आलं, 'अज्ञान, पालनकर्ती आई' अशा शेऱ्यानं. आईचं नाव पत्रकावर दिसत होतं, पण ते पालक म्हणून, वारस म्हणून नव्हे. जुन्या पेठांतली पत्रकं बघताना हे दोन दोष इतक्या वेळा दिसतात की मी आता आधी तेच शोधते: मुलगी गाळलेली, आणि विधवा सून पालक म्हणून लावून सोडून दिलेली.

नोंदणी कार्यालयात नेहमीप्रमाणे तीस वर्षांचा शोध घेतला. त्यात परड्याबद्दल काहीही निघालं नाही. शेजारच्या घराचं पत्रक काढलं तर तिथं उलटा प्रकार. शेजाऱ्यांच्या पत्रकावर क्षेत्र जास्त आणि जाग्यावर ५६ चौरस मीटर कमी. म्हणजे परडं कागदोपत्री अजून शेजाऱ्यांचंच होतं. याचे दोनच अर्थ निघतात. एक तर या घरानं ते बळकावलं, किंवा कधीकाळी रीतसर घेतलं आणि पत्रकावर नोंद करायची राहून गेली. घेतलं असेल तर कागद हवा, आणि कागद कुणाकडंच नव्हता. लोखंडी पेटी तात्यांनी माझ्यासमोर उघडली. घरफाळ्याच्या पावत्या निघाल्या, लाइटची बिलं निघाली, खरेदीपत्र नाही.

मी प्रत्येक वारसाला एकच सांगत होते, की घराचा उल्लेख असलेलं काहीही आणा, पोस्टकार्ड असलं तरी चालेल. नातू पुण्याहून आला तेव्हा त्यानं पाकिटातून चार पानं काढली आणि जरा संकोचानं म्हणाला, "मॅडम, हे कागदपत्र नव्हे. आज्जीचं पत्र आहे. मी शिकायला गेलो होतो तेव्हाचं." त्यानं ते वेळोवेळी वाचलं होतं, पण आजीची आठवण म्हणून. ते पत्र इथं पूर्ण देते आहे, कारण पुढचं सगळं प्रकरण त्याच्यावरच उभं आहे.

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
ता. १४-११-२००६

चि. बाळ यास आजीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मला नीट ऐकू येत नाही आणि फोन तात्याच्या खोलीत आहे, म्हणून लिहायला बसले. अक्षर लागत नसेल तर दोनदा वाच.

तू विचारलंस की घर विकायचं चाललंय ते खरं का. खरं आहे. आज नाही विकलं तर उद्या विकतील. गेल्या साली पाणी सोप्यात आलं तेव्हा मी माळ्यावर बसून होते आणि वर बसल्या बसल्या मलाच वाटलं की आता पुरं. कौलं शाकारायला माणूस मिळत नाही. तुझी आई एकटी किती करंल. तेव्हा विकायला माझी ना नाही. माझ्या माघारी विकलंत तरी आजीला वाईट वाटेल म्हणून अडून बसू नका.

पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही. पुढचं घर आबांचं. परडं आबांचं नव्हे, माझं आहे. कोयनेचा भूकंप झाला त्यात शेजारच्या मास्तरांची मागची भिंत पडली. त्यांना भिंत बांधायला पैसा नव्हता आणि मला म्हशी बांधायला जागा नव्हती. पुढच्या पावसाळ्यात, पंचमी झाली आणि गणपती यायचे होते तेव्हा, मी पाटल्या आणि गोठ गुजरीत मोडले आणि मास्तरांकडून परडं घेतलं. चौदाशे रुपये. आबा म्हणाले माझ्या नावावर करू. मी म्हटलं पाटल्या माझ्या आईच्या, कागदपण माझ्याच नावावर होईल. ते हसले आणि बरोबर आले. कचेरीत अंगठा नाही उठवला, सही केली. चौथीपर्यंतची शाळा त्या दिवशी कामाला आली.

तो कागद लोखंडी पेटीत होता. गेल्या सालच्या पाण्यात त्याचा लगदा झाला. तात्यानं वाळवायला घेतला आणि रद्दी म्हणून टाकला. त्याला माहीत नव्हतं, त्याला बोल लावू नको.

परड्यात दोन म्हशी बांधल्या, मग चार झाल्या. पहाटे धार काढून दूध गंगावेशीत जायचं. तुझा बाप आणि तात्या दोघं त्या दुधावर शिकले. आत्ती तेव्हा सहावीत होती. तिची शाळा मी सोडवली. शेण कोण काढणार, वैरण कोण घालणार. मास्तर दोनदा घरी आले, पोरगी हुशार आहे म्हणाले. मी ऐकलं नाही. तिनं एका शब्दानं विचारलं नाही आई असं का. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हा परड्याचे जे पैसे येतील ते आत्तीचे. तात्याचे नव्हेत, तुझे नव्हेत. हे मी तिला सांगितलेलं नाही, सांगितलं तर ती नको म्हणेल. तात्याला सांगितलं तर घरात बोलणी होतील. कुणाला साक्षीला बोलावलं नाही, घरातली गोष्ट घरात राहावी. तू लहान आहेस पण तुझ्यावर सोडते, कारण तुझ्या बापाला मी सांगणार होते आणि ते राहून गेलं.

आणखी दोन गोष्टी. आडाचं पाणी मास्तरांच्या घरचं आणि आपलं दोघांचं आहे, तसं कागदात लिहिलं होतं. कुणीही घर घेऊ दे, त्यांना पाण्याला आडवायचं नाही. आणि तुझ्या आईला विचारल्याशिवाय कशावर सही करू नको. कागदावर ती फक्त तुला सांभाळणारी म्हणून आहे. घर मात्र तिनं सांभाळलंय.

मेसचं जेवण आवडत नसलं तरी पोट भरून जेव. दिवाळीचे लाडू आत्तीकडून आलेत, थोडे ठेवलेत.

तुझी आजी

पत्र वाचून झाल्यावर नातवानं मला पहिला प्रश्न विचारला तो साहजिक होता. हे मृत्युपत्र होतं का? नाही होत. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही तर लागतेच, शिवाय किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षीदारांनी करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा ही सही माझीच असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि मग त्याच्यासमोर आपापली सही केलेली असावी. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, साधा वहीचा कागद चालतो. दोन साक्षीदार मात्र टळत नाहीत. आजीनं नेमकं तेच टाळलं, आणि टाळल्याचं स्वतःच्या हातानं लिहूनही ठेवलं. त्याच चार पानांवर शेजारच्या दोन माणसांच्या सह्या असत्या तर परडं तिच्या मृत्यूच्या क्षणी आत्तीचं झालं असतं. मला या पत्रातलं ते एक वाक्य वाचवत नाही. इतकं स्पष्ट मन, इतकी स्पष्ट इच्छा, आणि कायद्यानं ती उभी राहत नाही.

तरीही पत्राला किंमत होती, आणि ती वेगळ्या ठिकाणी होती. आजीनं साल लिहिलं नव्हतं, पण खूण पक्की दिली होती. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. पुढचा पावसाळा म्हणजे १९६८ चा, आणि नागपंचमी ते गणपती म्हणजे जुलैची अखेर ते ऑगस्टची अखेर. शेजारच्या मास्तरांचं नाव घरच्यांना माहीत होतंच. तीस वर्षांच्या शोधात हा दस्त सापडणारच नव्हता, कारण तो त्याच्या कितीतरी मागचा होता. पण नोंदणी झालेली असेल तर मूळ कागदाचा लगदा झाला तरी काही बिघडत नाही. दस्त नोंदवला की त्याची नक्कल कार्यालयाच्या बुकात उतरते. सूचीही दोन असतात, एक पक्षकारांच्या नावांची आणि दुसरी मिळकतींची. साल, महिना आणि देणाऱ्याचं नाव हातात असलं की जुन्या सूचीतून दस्त काढणं हे चिकाटीचं काम उरतं, नशिबाचं नव्हे.

मिळकतींच्या सूचीत पेठेच्या नावाखाली तो दिसला नाही, कारण पानाचा तो कोपराच गेलेला होता. नावांच्या सूचीत आजीच्या नावानंही नव्हता. मास्तरांच्या नावानं, म्हणजे लिहून देणाऱ्याच्या नावानं, मात्र सापडला. ऑगस्ट १९६८. प्रमाणित नक्कल हातात आली तेव्हा पत्रातली गोष्ट ओळीओळीनं जुळली. किंमत चौदाशे. चतुःसीमेत पश्चिमेला 'लिहून घेणार यांचे पतीचे राहते घर' आणि पूर्वेला 'आड'. खाली वेगळी ओळ, की आडाचे पाण्याचा वापर उभयतांनी व त्यांचे वारसांनी करावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मोबदल्याच्या कलमात होतं. लिहून घेणार यांनी सदरची रक्कम 'स्वतःचे स्त्रीधनाचे दागिने मोडून' रोख दिली, असं मास्तरांनी लिहून दिलं होतं.

या वाक्याला इतकं महत्त्व का, ते हिश्श्यांत शिरल्यावर कळतं. नक्कल बघून तात्या म्हणाले होते, "नाव आईचं असंल, पण पैसं आबांचंच. त्या काळात बायकांकडं कुठला आलाय पैसा." यात लबाडी नव्हती, ते लहानपणापासून तसंच समजत आले होते. पण परडं आबांचं मानलं तर हिस्से एका तऱ्हेनं पडतात आणि आजीचं मानलं तर दुसऱ्या तऱ्हेनं.

आधी पुढच्या घराचा हिशेब करू. घरच्यांनी तो सोपा धरला होता: तीन भावंडं, तीन समान हिस्से, धाकट्याचा तिसरा हिस्सा नातवाला आणि त्याच्या आईला. सुरुवातीला तर दोनच हिस्से धरले होते, कारण "आत्तीचं लग्नात झालंय". लग्नात काय दिलं याचा वारसाहक्काशी संबंध नसतो, आणि पत्रकावर नाव नाही म्हणून हक्क जात नाही. पत्रक ही शासनाची नोंदवही आहे, मालकी तिथं जन्माला येत नाही. एवढं तात्यांनी लवकर मानलं. पण तीन समान हिस्सेही चूक होते.

पणजोबा १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यानंतर गेले, त्यामुळं एकुलत्या मुलाकडं आलेलं हे घर आबांची स्वतंत्र मिळकत ठरलं, त्यात मुलांचा जन्मजात हक्क नव्हता. आबा १९८७ ला गेले तेव्हा आजी, तात्या, आत्ती आणि धाकटा यांना प्रत्येकी पाव हिस्सा आला. इथपर्यंत सरळ आहे. पुढं धाकटा १९९९ ला गेला. त्याच्या पाव हिश्श्याचे वारस कोण? बायको आणि मुलगा, असं कुणीही सांगेल. पण हिंदू पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत त्याची आईही असते. म्हणून तो पाव हिस्सा तिघांत वाटला गेला: आजी, नातवाची आई आणि नातू. आजीकडं आपला पाव होताच, त्यात मुलाच्या हिश्श्यातला तिसरा भाग आला आणि घराचा बरोबर तिसरा हिस्सा तिचा झाला. ती २०११ ला गेली तेव्हा हा तिसरा हिस्सा पुन्हा तिघांत गेला: तात्या, आत्ती आणि आधी वारलेल्या मुलाचा मुलगा म्हणून नातू. सुनेला सासूच्या मिळकतीत इथं हिस्सा येत नाही, कारण कायदा आधी गेलेल्या मुलाची मुलं धरतो, विधवा नाही.

घराचे ३६ भाग करा म्हणजे अपूर्णांकांचा त्रास होत नाही. तात्या १३, आत्ती १३, नातू ७, त्याची आई ३. पुढच्या घराचे ७२ लाख धरले तर भागाला दोन लाख पडतात: तात्या आणि आत्ती प्रत्येकी २६ लाख, नातू १४ आणि आई ६. घरच्यांच्या तिसऱ्या हिश्श्याच्या हिशेबानं माय-लेकांना मिळून २४ लाख आले असते, कायद्यानं २० च येतात. मुलगा आईच्या आधी गेला, म्हणून त्याच्या हिश्श्यातला काही भाग वर आजीकडं चढला आणि तिथून भावंडांत उतरला. वारसांमध्ये मागं राहिलेली आई असेल तिथं हे दर वेळी घडतं आणि जवळजवळ दर वेळी विसरलं जातं. नातवाच्या आईला मी हे समजावलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजे माझंपण आहे तर थोडं." त्यांच्या हिश्श्याचा धनादेश वेगळा निघाला पाहिजे, मुलाच्या रकमेत मिसळता कामा नये, हे मी तेव्हाच टिपून ठेवलं.

परड्याचं गणित निराळं. ते आजीनं स्वतःच्या स्त्रीधनातून, स्वतःच्या नावानं घेतलेलं, म्हणून हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ते पूर्णपणे तिचं. तिच्या मागं ते तात्या, आत्ती आणि नातू यांच्यात तिसऱ्या-तिसऱ्या हिश्श्यानं येतं. नातवाच्या आईला त्यात काही नाही. ३० लाख धरले तर प्रत्येकी १० लाख. पत्राप्रमाणे वागायचं तर तात्यांनी आणि नातवानं आपापले दहा लाख आत्तीला सोडायचे होते, आणि तसं करायला कायदा कुणालाही भाग पाडत नव्हता.

नातवाचं आधीच ठरलं होतं. प्रश्न तात्यांचा होता. पत्र त्यांना कुणी वाचून दाखवायचं यावरच घरात बरीच ओढाताण झाली. शेवटी माझ्या कार्यालयात, सगळ्यांसमोर, त्यांनी ते स्वतः वाचलं. पेटीतला कागद रद्दी म्हणून टाकल्याच्या ओळीवर ते थांबले. मग आत्तीकडं न बघता म्हणाले, "आक्का, तू सातवीला असतीस तर मास्तरीण झाली असतीस. मला ठाऊक हाय." आत्ती म्हणाल्या, "मला नको काही, तुमच्यातच ठेवा." आजीनं लिहिलं होतं अगदी तसंच. मी त्यांना एवढंच सांगितलं, की नको म्हणायचं तर तेही कागदावर म्हणावं लागेल, तोंडी सोडलेला हक्क कायद्यात सुटत नाही. घरी जाऊन विचार करा. पुढच्या बैठकीत त्या मुलीला घेऊन आल्या आणि हो म्हणाल्या.

आता हे कागदावर कसं आणायचं? सगळ्यांच्या डोक्यात हक्कसोडपत्र होतं आणि माझ्याही तेच पहिल्यांदा आलं. भावानं बहिणीच्या नावे सोडायला काही अडचण नाही. भाच्यानं आत्याच्या नावे सोडण्यात मात्र आयकराची एक खोच आहे. मोबदल्याशिवाय मिळालेली स्थावर मिळकत ठरावीक मर्यादेवर गेली की घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. नातेवाइकाकडून आली तर सूट असते, पण नातेवाईक कोण याची यादी घेणाऱ्याच्या बाजूनं वाचायची असते. आत्यानं भाच्याला दिलं तर ती यादीत बसते, कारण ती त्याच्या बापाची बहीण. भाच्यानं आत्याला दिलं तर बसत नाही, कारण भावाचा मुलगा त्या यादीत नाही. नातवाच्या सोडलेल्या दहा लाखांवर आत्तीला कर लागू शकला असता. विकून रोख द्यायचं म्हटलं तरी हीच अडचण.

म्हणून वाट बदलली. पुढचं घर आणि परडं या दोन्ही मिळकती एकत्र घेऊन चौघांमध्ये एकच नोंदणीकृत कौटुंबिक व्यवस्थापत्र केलं. अशा पत्राला अर्थ यायला दोन गोष्टी खऱ्या असाव्या लागतात: पक्षकारांचा मिळकतीत आधीपासून काही हक्क किंवा दावा असावा, आणि मतभेद खरोखर असावेत, कर चुकवायला रचलेले नसावेत. इथं दोन्ही होतं. आत्तीचं नाव पत्रकावर गाळलेलं होतं, परडं कुणाच्या पैशाचं यावर तात्यांचं वेगळं म्हणणं होतं, आणि आजीचं पत्र संपूर्ण परडं आत्तीचं सांगत होतं. ते सगळं पार्श्वभूमीच्या कलमांत प्रामाणिकपणे लिहिलं. परडं पूर्ण आत्तीला, पुढचं घर ३६ भागांच्या हिशेबानं चौघांना. मसुदा सीएंना दाखवल्याशिवाय सह्या करू नका असा आग्रह मी धरला आणि त्यांनी सुचवलेले दोन बदल केले. पत्राची प्रत व्यवस्थापत्राला जोडायची का, यावर मी नको म्हटलं. नोंदवलेला दस्त कुणीही नक्कल काढून वाचू शकतो, आणि आत्तींची शाळा ही परक्यांनी वाचायची गोष्ट नव्हे. पत्राची तारीख आणि परड्याबद्दलचा मजकूर तेवढा नमूद केला.

मग उरली शेजाऱ्यांची बाजू. १९६८ च्या दस्ताची नोंद नगर भूमापन कार्यालयात करायची म्हणजे मास्तरांच्या पत्रकातून ५६ चौरस मीटर मोजणी करून वेगळे काढायचे. त्यासाठी त्यांच्या वारसांना नोटीस जाते. मास्तरांचा थोरला मुलगा लगेच म्हणाला, "ते तर काकूंच्या म्हशींचं परडं." धाकटा अडला. आमच्या कार्डावर आहे ते आमचं, त्याचे पैसे द्या, असा त्याचा सूर होता. कायद्यानं त्याच्या संमतीची गरज नव्हती, त्याच्या वडिलांच्या सहीचा नोंदवलेला दस्त पुरेसा होता. पण त्यानं लेखी हरकत घेतली असती तर नोंद वादग्रस्त झाली असती आणि सुनावण्यांत घेणाऱ्यांची कर्जमंजुरी निघून गेली असती. मी त्याला भेटून नकलेतलं आडाचं कलम दाखवलं. त्याच्या घरात मोटर त्याच आडावर होती. ज्या दस्तानं परडं गेलं त्याच दस्तानं पाण्याचा हक्क त्याच्याकडं राहिला आहे, आणि एक नाकारायचं तर दुसरंही हातून जातं, हे त्याला पटलं. हरकत आली नाही. मोजणी झाली, परड्याचं स्वतंत्र पत्रक आत्तीच्या नावानं निघालं.

इसाराच्या कराराची मुदत पुरवणी कराराने वाढवून घेतली होती. घेणाऱ्यांनी ती दिली, कारण दर टप्प्याला त्यांना नक्कल पाठवत होतो. वृत्तपत्रात जाहीर नोटीस दिली, मुदतीत कुणी आलं नाही, बँकेच्या वकिलांनी फाईल मान्य केली. खरेदीपत्रात लिहून देणार चार: पुढच्या घराला चौघं आणि परड्याला एकट्या आत्ती. धनादेशही चार. आत्तींचा ५६ लाखांचा, तात्यांचा २६, नातवाचा १४ आणि त्याच्या आईचा ६.

आडाचं कलम मी १९६८ च्या भाषेत जसंच्या तसं नव्या खरेदीपत्रात उतरवलं. घेणाऱ्यांचा वास्तुविशारद आड बुजवून तिथं पार्किंगचा रॅम्प काढणार होता. ते कलम वाचून त्याला नकाशा बदलावा लागला.